दोन्हीकडून जखडलेला दांडा

एक उभा पोलादी दांडा घ्या. वरचं टोक तुळईत घट्ट बसवलेलं, खालचं टोक जमिनीतल्या ठोकळ्यात तितकंच घट्ट. लांबी १००० मिमी, छेद २० बाय २० मिमीचा चौरस, म्हणजे क्षेत्रफळ ४०० चौरस मिमी. वरून ४०० मिमी अंतरावर दांड्याला वेल्ड केलेली कॉलर आहे आणि तिच्यावर ४० किलोन्यूटन, म्हणजे चार टनांच्या आसपास भार सरळ खाली येतो. दांड्याचं स्वतःचं वजन जेमतेम तीन-सव्वातीन किलो, ते सोडून देऊ. या ४० पैकी वरचा आधार किती उचलतो आणि खालचा किती?

तंत्रनिकेतनात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवताना हा प्रश्न मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. उत्तर छोटं आहे: वर २४, खाली १६. पण हेच उत्तर चुकीच्या कारणानेही येतं, आणि मग दांडा जरा बदलला की उत्तर चुकतं. म्हणून खालच्या सगळ्या गोष्टींत दांडा हाच ठेवला आहे. पोलादाचा यंग मॉड्युलस २,००,००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला आहे.

१. समतोलाचं समीकरण एकच मिळतं

वर जाणारी बलं आणि खाली येणारी बलं सारखी. म्हणजे वरची प्रतिक्रिया अधिक खालची प्रतिक्रिया बरोबर ४०. इथपर्यंत वर्गात कुणालाच अडचण नसते. त्यानंतर दुसरं समीकरण शोधायची धडपड सुरू होते आणि मुलं सवयीने मोमेंट घेतात. पण सगळी बलं एकाच रेषेत आहेत. कुठल्याही बिंदूभोवती मोमेंट घ्या, एक तर शून्य बरोबर शून्य येतं, नाही तर पहिलंच समीकरण वेगळ्या कपड्यांत परत येतं.

या टप्प्यावर मी फळ्यावर तीन जोड्या लिहिते: २४ आणि १६, ४० आणि ०, ५० आणि उणे १०. तिन्हींची बेरीज ४०. समतोलाच्या दृष्टीने तिन्ही बिनचूक. दांडा जर खरोखर अजिबात न ताणणारा, न दबणारा असता, तर यातली खरी कोणती हे सांगायला काही मार्गच नसता. फ्रेंच अभियंता नाविए याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याख्यानांत हेच दाखवलं: असे प्रश्न अनिश्चित वाटतात ते पदार्थ पूर्ण ताठर मानला म्हणून. तो किती लांबतो-आखडतो हे हिशोबात घेतलं, की कमी पडणारं समीकरण मिळतं.

आपल्या दांड्यासाठी ते समीकरण साधं आहे. दोन्ही टोकं हलत नाहीत, म्हणून वरचा भाग जितका लांबेल तितकाच खालचा भाग आखडला पाहिजे.

२. खालचा आधार मनातल्या मनात काढा

हे समीकरण थेट लिहिता येतं, पण पहिल्यांदा शिकताना मला आधार काढण्याची रीत जास्त पटते, कारण तिच्यात दांडा हलताना दिसतो.

खालचा ठोकळा काढून टाका. दांडा आता नुसता वरून लटकतोय आणि कॉलरवर ४० किलोन्यूटन आहेत. वरच्या ४०० मिमीमध्ये पूर्ण ४० चा ताण आहे. मुलांच्या भाषेत ‘पीएल बाय एई’: ४०,००० गुणिले ४००, भागिले ४०० गुणिले २,००,०००. उत्तर ०.२ मिमी. कॉलरच्या खालच्या ६०० मिमीमध्ये काहीच बल नाही. तो भाग लांबत नाही, फक्त वरच्या भागाबरोबर ०.२ मिमी खाली सरकतो. इथे सगळ्यात जास्त पेपर चुकतात. खालचं टोक खाली आलं म्हणजे सगळा दांडा लांबला असं समजून लांबी १००० टाकली जाते.

आता खालचं टोक पुन्हा जागेवर आणायचं. त्यासाठी खालून वर ढकलणारं बल लागेल, तीच खालची प्रतिक्रिया. हे बल कॉलरपाशी थांबत नाही, तुळईपर्यंत सगळा दांडा दाबतं. म्हणून इथे लांबी १००० च. अख्खा दांडा १ मिमी दाबायला ८० किलोन्यूटन लागतात. तेव्हा ०.२ मिमी दाबायला १६. खालची प्रतिक्रिया १६, उरलेले २४ वर.

पहिल्या पायरीत ४०० आणि दुसरीत १०००, एवढा फरक ज्याच्या मनात बसला त्याला पुढचं अवघड जात नाही. तरीही पडताळा घ्यावाच. कॉलर किती खाली आली ते दोन्ही बाजूंनी काढायचं. वरच्या भागात २४ चा ताण: ०.१२ मिमी लांबला. खालच्या भागात १६ चा दाब: ०.१२ मिमी आखडला. कॉलर एकच आहे, तिला दोन ठिकाणी असता येत नाही. हे दोन आकडे जुळले नाहीत तर प्रतिक्रियांची बेरीज ४० येऊनही उत्तर चूक आहे.

३. बीमचं सूत्र इथे फसवतं

दरवर्षी कुणीतरी हुशार मुलगा किंवा मुलगी हात वर करते. ‘मॅडम, हे तर सिम्पली सपोर्टेड बीमसारखंच झालं. पीबी बाय एल, ४० गुणिले ६०० भागिले १०००, आले २४. एवढं लांब कशाला जायचं?’

आकडा खरा आहे. भार ज्या आधाराच्या जवळ, त्याच्यावर जास्त. हेही दोन्हीकडे खरं ठरतं. नुसतं ‘नाही’ म्हणून हा मुद्दा सुटत नाही, म्हणून मी दांडा बदलते. कॉलरच्या वरचा भाग तसाच, २० बाय २०. खालचा भाग ३० बाय ३०, म्हणजे ९०० चौरस मिमी. अंतरं तीच, ४०० आणि ६००. भारही तोच. बीमचं सूत्र पुन्हा २४ आणि १६ च सांगणार, कारण त्याला फक्त अंतरं कळतात.

आता खरा हिशोब. वरचा भाग १ मिमी लांबवायला २०० किलोन्यूटन लागतात. खालचा भाग १ मिमी दाबायला ३००. कॉलर खाली येताना दोघांना सारखंच हलवते, म्हणून दोघे विरोध करतात तो २०० ला ३०० या प्रमाणात. ४० चे वाटे दोनास तीन: वर १६, खाली २४. आकडे तेच, जागा बरोबर उलट! पडताळा: वर १६ ने ०.०८ मिमी, खाली २४ नेही ०.०८ मिमी.

या उलटापालटीनंतर वर्ग जरा गप्प होतो. बीममध्ये प्रतिक्रिया ठरते मोमेंटच्या समतोलाने. तिथे बीम मध्येच जाड केलात तरी दोन टोकांच्या प्रतिक्रिया हलत नाहीत. इथे प्रतिक्रिया ठरते ताठरपणाने, म्हणजे क्षेत्रफळ गुणिले मॉड्युलस भागिले लांबी या राशीने. एकसारख्या दांड्यात क्षेत्रफळ आणि मॉड्युलस दोन्हीकडे समान असल्याने कटून जातात, मागे उरतात फक्त लांब्या, आणि त्या योगायोगाने बीमच्या सूत्रासारख्या मांडल्या जातात.

जाडी न बदलता धातू बदलला तरी हेच. खालचा भाग पितळेचा घेतला, मॉड्युलस पोलादाच्या साधारण निम्मा, एक लाख, तर त्याचा ताठरपणा पोलादी असताना होता त्याच्या निम्मा होतो आणि वाटणी ३० ला १० होते. मऊ भाग अंग काढून घेतो. एकत्र कुटुंबात जो सहज वाकत नाही त्याच्याच अंगावर कामं येऊन पडतात, तसं.

४. चिन्हं दांड्याकडून काढून घ्या

वरचा भाग ताणात, खालचा दाबात, हे आधीच ओळखून चिन्हं लावायला गेलं की एक भार असेपर्यंत निभतं. दोन कॉलर आल्या, किंवा एक भार वरच्या दिशेने आला, की गोंधळ उडतो.

मी एकच शिस्त लावते. वरची प्रतिक्रिया अज्ञात, वरच्या दिशेने. प्रत्येक भागात ताणच आहे असं समजून काप घ्या. पहिल्या भागात बल म्हणजे तीच प्रतिक्रिया. कॉलर ओलांडली की त्यातून ४० वजा. प्रत्येक भागाचं ‘पीएल बाय एई’ चिन्हासकट मांडा, बेरीज शून्य. आपल्या दांड्यात खालच्या भागाचं बल २४ वजा ४०, म्हणजे उणे १६ येतं. उणे म्हणजे दाब. ताण कुठे नि दाब कुठे हे आधी ओळखावं लागत नाही, कितीही कॉलर असल्या तरी अज्ञात एकच राहतं.

५. कागदाएवढी फट

पुस्तकातला आधार एक आडवी रेघ आणि तिच्यावर तिरप्या रेषा असा असतो. वर्कशॉपमधला आधार तसा नसतो. समजा, खालचं टोक ठोकळ्यात जखडलेलं नाही, नुसतं त्यावर टेकवायचं आहे, आणि दांडा बसवला तेव्हा दोघांत ०.१ मिमी फट राहिली. साध्या छपाईच्या कागदाची जाडी जवळपास एवढीच असते. ही फट डोळ्याला दिसणार नाही, फीलर गेजच लागेल.

भार हळूहळू वाढवत नेऊ. पहिले २० किलोन्यूटन येईपर्यंत दांडा नुसता लटकलेला आहे. सगळा भार वरच्या आधारावर. २० ला वरचा भाग बरोबर ०.१ मिमी लांबतो आणि टोक ठोकळ्याला टेकतं. तिथून पुढच्या २० ची वाटणी नेहमीच्या तीनास दोन प्रमाणात, म्हणजे १२ वर, ८ खाली. एकूण वर ३२, खाली ८. कागदाएवढ्या फटीने खालच्या आधाराचा वाटा निम्मा केला आणि वरचा स्ट्रेस ६० वरून ८० न्यूटन प्रति चौरस मिमीवर नेला. फट ०.२ मिमीपेक्षा जास्त असेल तर ४० किलोन्यूटनमध्ये टोक टेकतच नाही. हे न तपासता समीकरण सोडवलं तर खालची प्रतिक्रिया उणे येते, म्हणजे ठोकळा दांड्याला खाली ओढतोय असा अर्थ निघतो. नुसता टेकणारा ठोकळा ओढू शकत नाही. असं उत्तर आलं की समजायचं, स्पर्शच झालेला नाही; वर ४०, खाली शून्य.

फट नाही, पण ठोकळा स्वतःच थोडा दबतो, असंही होतं. ठोकळ्याचा ताठरपणा मिमीला ४०० किलोन्यूटन धरा. ऐकायला भक्कम वाटतो. पण दांड्याचा खालचा भागच मिमीला १३३ चा आहे, आणि दोघे एकापाठोपाठ जोडलेले असल्याने मिळून १०० चेच भरतात. वाटणी मग २०० ला १०० होते, म्हणजे वर सुमारे २६.७ आणि खाली १३.३. कॉलरची सगळी हालचाल मिमीच्या आठव्या भागाइतकी असते, तेव्हा आधार ‘पक्का’ म्हणायचा तर त्याचं दबणं त्याहून खूपच कमी असावं लागतं.

या दोन दोषांमधला फरक ओळखता येतो. कॉलरच्या वर आणि खाली एकेक स्ट्रेन गेज चिकटवा, भार पायरीपायरीने वाढवा आणि वाचन भारासमोर आलेखावर मांडा. सगळं आदर्श असेल तर ४० किलोन्यूटनला वर ३०० मायक्रोस्ट्रेन लांबणं आणि खाली २०० मायक्रोस्ट्रेन आखडणं दिसेल, दोन्ही रेषा सरळ. आधार मऊ असेल तर रेषा सरळच राहतात, पण प्रमाण तीनास दोनऐवजी दोनास एक होतं. फट असेल तर रेषेला कोपर येतं: खालचा गेज २० किलोन्यूटनपर्यंत शून्यावर बसून राहतो आणि मग चालू लागतो. गेज प्रत्येक बाजूला समोरासमोर दोन लावून सरासरी घ्यावी, कारण कॉलरवरचा भार अगदी मध्यावर कधीच बसत नाही आणि थोडं वाकणं मिसळतंच.

वरच्या आणि खालच्या वाचनाचा फरक मात्र तिन्ही प्रसंगी ५०० च राहतो, कारण त्या फरकातून फक्त भार मोजला जातो. नुसता फरक तपासून समाधान मानलं तर फटही दिसणार नाही आणि मऊ ठोकळाही.

६. उन्हाचा वाटा

आता दोन्ही टोकं पुन्हा पक्की. ४० किलोन्यूटन तसेच. दांडा २५ अंश सेल्सिअसने तापला. पोलाद अंशाला मीटरमागे ०.०१२ मिमी लांबतं, म्हणजे मोकळा असता तर दांडा ०.३ मिमी लांबला असता. लांबता येत नाही, म्हणून तो दोन्ही आधारांना ढकलतो. ०.३ मिमी दाबायला २४ किलोन्यूटन लागतात.

भाराने वरच्या भागात २४ चा ताण होता. उष्णतेने २४ चा दाब आला. वरची प्रतिक्रिया शून्य! सगळे ४० खालच्या ठोकळ्यावर, आणि खालचा स्ट्रेस ४० वरून १०० वर. मे महिन्यात छपराखालचं पोलाद सकाळपासून दुपारपर्यंत एवढं तापणं काही अशक्य नाही. आणखी तापलं तर वरचा भागही दाबात जातो आणि तुळईला वर ढकलू लागतो. थंडीत १० अंश उतरले तर उलट: वर ३३.६, खाली ६.४.

दांडा एकसारखा असेल तर हे उष्णतेचं बल लांबीवर अवलंबून नसतं. एक मीटर काय आणि दहा मीटर काय, क्षेत्रफळ तेच असेल तर बल तेच, कारण लांब दांडा जास्त लांबू पाहतो पण तितकाच मऊही असतो. मुलांना हे पटायला वेळ लागतो. लांब दांड्यात बल जास्त असणार असं त्यांना वाटतं. लांब दांड्यात वाढतो तो बाजूला वाकण्याचा धोका, आणि दाबातल्या सडपातळ भागाला या पानावरचं कुठलंच गणित लागू होत नाही. तो आधी वाकतो.

७. पोलाद नरम पडल्यावर

वरचं सगळं स्ट्रेस आणि स्ट्रेन प्रमाणात असेपर्यंत. साध्या माइल्ड स्टीलचा यील्ड स्ट्रेस २५० धरू. आपल्या मूळ दांड्यात वरचा भाग १०० किलोन्यूटनला यील्ड होतो, म्हणजे भार सुमारे १६७ ला पोहोचला की. त्यानंतर वरचा भाग १०० च्या वर काही घेत नाही, नुसता लांबत जातो. वाढणारा प्रत्येक किलोन्यूटन खाली. खालचाही १०० ला पोचला की खेळ संपला: एकूण २००. खालचा भाग बाजूला वाकला नाही, असं मात्र धरलं आहे.

या २०० मध्ये कॉलरचं स्थान कुठेच नाही. ती ४०० वर असो की २०० वर, दोन्ही भाग शेवटी १००-१०० च देतात. फट असो, ऊन असो, शेवटचा आकडा तोच. ताठरपणाने ठरलेली वाटणी इथे ताकदीच्या वाटणीला जागा देते. ओतीव लोखंडाचा दांडा असता तर ही सवलत नसती. त्याचा वरचा भाग ताणात न लांबताच तुटला असता आणि सगळा भार एका क्षणात खालच्या भागावर आला असता.

परीक्षेत कुणी विचारत नाही, पण मला आवडणारा एक प्रश्न: भार १९० पर्यंत नेला आणि काढून घेतला, तर? १९० ला वर १०० आणि खाली ९० असतात. काढताना पोलाद पुन्हा प्रमाणात वागतं, म्हणून कमी होतात ते जुन्याच तीनास दोनने: वरचे ११४, खालचे ७६. उरतात वर उणे १४ आणि खाली १४. कॉलरवर काहीही नसताना दांडा तुळईला १४ किलोन्यूटनने वर आणि ठोकळ्याला १४ ने खाली रेटत बसलेला असतो, कारण वरचा भाग कायमचा लांबला आहे आणि दोन आधारांमधली जागा तेवढीच आहे. कॉलर मूळ जागेपेक्षा जवळपास ०.१ मिमी खाली राहते.